लाइटहाऊसवाल्या शॉर्टची लॉगलाइन-सिनॉप्सिस पाठवायच्या आधी काय काय बघायचं

आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपमधली दोन-तीन पोरं दहा मिनिटांची अ‍ॅनिमेशन शॉर्ट फेस्टिव्हलला पाठवतायत, लाइटहाऊसच्या राखणदारावरची, म्हणून तयारीचं एका जागी लिहून ठेवतोय.

फॉर्म उघडायच्या आधी आंबा घाटातनं उतरून रत्नागिरीचं लाइटहाऊस बघून या, नाही जमलं तर निदान जुन्या लाइटहाऊसचं काम कसं चालायचं ते नीट समजून घ्या, कारण लॉगलाइन, म्हणजे एका वाक्यात सांगितलेली पिक्चरची गोष्ट, त्यातच दडलेली असते. बऱ्याच जुन्या लाइटहाऊसमध्ये दिवा उघडझाप करत नव्हता, दिवा सतत पेटलेलाच असायचा आणि त्याच्याभोवती काचेचं मोठं भिंग फिरायचं. भिंगाची एकेक बाजू तुमच्या समोरनं गेली की समुद्रावरनं एक झोत दिसतो. समजा भिंगाला दोन बाजू आहेत आणि एक फेरी 20 सेकंदाला होते, तर दर 10 सेकंदाला एक झोत, आणि या ठेक्यावरनंच होडीवाला ओळखतो की हे कुठलं लाइटहाऊस. फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याला तारेनं लटकवलेलं वजन, ते खाली उतरलं की राखणदारानं परत वर गुंडाळायचं. काही ठिकाणी भिंग पाऱ्यावर तरंगतं, त्यामुळं एवढं जड धूड हातानं ढकललं तरी फिरतं. आता ही तार तुटली तर काय होईल? दिवा चालूच, पण भिंग थांबलेलं, म्हणजे एका दिशेला नुसता स्थिर उजेड आणि दुसरीकडं काळोख, होडीवाल्याला वाटणार हे आपलं लाइटहाऊसच नव्हे. पिक्चर इथंच आहे बघा.

आता लॉगलाइन. पहिल्या ड्राफ्टमध्ये हमखास असलं काहीतरी येतं, ‘एकाकी राखणदाराची प्रकाश आणि अंधाराची हृदयस्पर्शी कहाणी’. यात माणूस काय करतो तेच नाही, आणि सिलेक्शनवाल्यांकडं एकाकी राखणदार भरपूर येत असणार. त्याऐवजी हे वाचा: ‘मोटर बसण्याच्या आदल्या रात्री लाइटहाऊसच्या भिंगाला फिरवणारी तार तुटते, आणि म्हातारा राखणदार वादळातल्या होड्या चुकू नयेत म्हणून पहाटेपर्यंत ते भिंग हातानं, घड्याळाच्या ठोक्यावर फिरवत राहतो.’ 25 शब्द, त्यात कोण, काय बिघडलं, काय करतो, नाही केलं तर काय, सगळं आलं. राखणदाराचं नाव नको, गावाचं नको, थीम तर अजिबात नको. पोराची होडी अडकलीय असंही घालू नका, ज्यांचं तोंड त्यानं कधी बघितलं नाही अशा लोकांसाठी तो राबतोय यातच जास्त दम आहे असं मला वाटतं. मग रंकाळ्यावर कुणा पिक्चरशी संबंध नसलेल्या माणसाला एकदाच वाचून दाखवा आणि ‘मग पुढं काय होतं?’ असं तो विचारतो का बघा, ‘छान आहे’ म्हणाला तर परत लिहायला बसा.

सिनॉप्सिस दोन तयार ठेवा. निवड करणाऱ्यांसाठी शे-दीडशे शब्दांची, वर्तमानकाळात, शेवटासकट, कारण शेवट जमलाय का हेच त्यांना बघायचं असतं. सकाळी मोटर बसवायला माणसं येतात, होड्या बंदरात पोचलेल्या असतात, रात्री काय झालं ते कुणालाच कळत नाही, हे लपवू नका, ‘आणि मग एक अनपेक्षित वळण’ असलं लिहू नका. दुसरी चाळीस-पन्नास शब्दांची, कॅटलॉगमध्ये छापायला, त्यात मात्र तार तुटते आणि तो भिंगाला हात लावतो इथंच थांबा. फॉर्ममध्ये सिनॉप्सिसची एकच जागा असेल तर नियम वाचा, तीच प्रेक्षकांसाठी छापणार असतील तर छोटीच टाका.

लांब सिनॉप्सिस लिहून झाली की त्यातल्या घटना बोटावर मोजा. एक रात्र, एक बिघाड, मध्ये हात थकून ठेका चुकतो आणि लांबवरची एक होडी वळायला लागते, तो परत ठेका पकडतो, सकाळ. एवढंच दहा मिनिटात मावतं. त्यात बायकोची आठवण, बालपण, जुनं वादळ पण आलं असेल तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की पिक्चर एकतर धावतोय नाहीतर सिनॉप्सिस भलत्याच पिक्चरची आहे.

अ‍ॅनिमेशन कसं केलंय ते एकाच वाक्यात, तेही गोष्टीला जोडून, जसं की कोळशानं कागदावर काढलंय आणि झोत म्हणजे खोडरबरानं पुसलेली जागा. संवाद नसतील तर तसं स्पष्ट लिहा, सबटायटल लागणार नाहीत हे त्यांना कळतं. इंग्रजी फॉर्म असेल तर मराठीवरनं शब्दाला शब्द लावू नका, गोष्ट परत पहिल्यापासनं इंग्रजीत सांगा आणि शब्दमर्यादा परत मोजा, काही फॉर्म शब्द नव्हे तर अक्षरं मोजतात आणि शेवटचं वाक्य मध्येच कापतात, म्हणून सबमिट करायच्या आधी प्रिव्ह्यू उघडून शेवटची ओळ बघा. लांबी टाकताना क्रेडिट धरून टाका, आणि फॉर्म, सिनॉप्सिस, व्हिडिओ फाइल तिन्हीकडं तोच आकडा आहे ना ते ताडून बघा.