ब्रेक-इव्हनच्या गणितात ‘प्रति नग फिक्स्ड ओव्हरहेड’ दिसला की आधी थांबा

सूत्रं तुम्हाला येतात, ती पुन्हा सांगत नाही. मार्क जातात ते कॉस्ट शीटमधल्या एका ओळीपायी.

विक्री किंमत २०० रुपये. मटेरियल ७०, मजुरी ३०, व्हेरिएबल ओव्हरहेड २०, फिक्स्ड ओव्हरहेड ४०. एकूण खर्च १६०, नफा ४०. खाली बारीक वाक्य: ओव्हरहेडचा दर १०,००० नगांच्या नॉर्मल उत्पादनावर काढला आहे, सध्याची विक्री ८,००० नग.

घाईत २०० मधून १६० वजा होतात आणि ४० रुपयांना कॉन्ट्रिब्युशन म्हटलं जातं. तो नफा आहे, तोही फक्त १०,००० नग विकले तरच. कॉन्ट्रिब्युशनसाठी व्हेरिएबल खर्चच वजा करायचा: २०० वजा १२०, म्हणजे ८० रुपये. पी/व्ही रेशो ४० टक्के.

इथवर बहुतेकजण येतात. खरा खड्डा पुढे आहे. एकूण फिक्स्ड खर्च काढताना ४० ला ८,००० ने गुणलं, तर ३,२०,००० येतात आणि ब्रेक-इव्हन ४,००० नगांवर. हे साफ चूक आहे. दर १०,००० नगांवर काढलाय, म्हणून खर्च ४,००,००० रुपये. विक्री घटली म्हणून शेडचं भाडं घटत नाही. ब्रेक-इव्हन ५,००० नग, म्हणजे १०,००,००० रुपयांची विक्री. मार्जिन ऑफ सेफ्टी ३,००० नग, म्हणजे ६,००,००० रुपये. सध्याच्या विक्रीच्या ३७.५ टक्के.

आता ताळा. मार्जिन ऑफ सेफ्टी गुणिले पी/व्ही रेशो म्हणजे नफा: ६,००,००० चे ४० टक्के, २,४०,०००. दुसऱ्या बाजूने ८,००० गुणिले ८०, वजा ४,००,०००, तेही २,४०,०००. जुळलं.

पण क्लासच्या नोट्समधल्या ‘ताळा जुळला की उत्तर बरोबर’ या शॉर्टकटवर माझा अजिबात विश्वास नाही. चुकीचे ३,२०,००० धरूनही दोन्ही बाजूंनी ३,२०,००० नफा येतो आणि ताळा बिनबोभाट जुळतो! ताळ्यात गुणाकाराची चूक सापडते, फिक्स्ड खर्चाची नाही. म्हणून पहिल्याच ओळीत ‘एकूण फिक्स्ड खर्च = दर × ज्या उत्पादनावर दर काढला ते नग’ असं लिहा, मगच पुढे जा.

एवढं जमलं की बाकीचे उपप्रश्न जड जात नाहीत, घाबरू नका. समजा, किंमत १० टक्क्यांनी उतरवली. कॉन्ट्रिब्युशन ८० वरून थेट ६० होतं, म्हणून जुना ४० टक्क्यांचा रेशो वापरायचा नाही. ४,००,००० भागिले ६० म्हणजे ६,६६६.६७, अर्धामुर्धा नग विकता येत नाही, तेव्हा उत्तर ६,६६७ नग लिहा.