फोटोतल्या आवर्त सारणीचा तक्ता करताना गट का चुकतात

इंदूरला भाचीला दहावीसाठी मूलद्रव्य, संज्ञा, अणुअंक, गट आणि संयुजा असा पाच रकान्यांचा तक्ता हवा होता. मी पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला, त्यातला मजकूर वेगळा करून शीटमध्ये टाकला. नावं नि संज्ञा ठीक आल्या, पण बोरॉन तिसऱ्या गटात आणि निऑन आठव्यात!

कारण सोपं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवर्तात दुसऱ्या घरानंतर दहा घरं रिकामी असतात. मजकूर उचलताना ती गळतात आणि पुढची सगळी मूलद्रव्यं डावीकडे सरकतात. पोटॅशियमच्या ओळीत अठराही घरं भरलेली, म्हणून ती बरोबर येते. मी अणुअंक ५ ते १० आणि १३ ते १८ यांच्या गटात १० मिळवले. हेलियमचा २ खोडून १८ लिहिला. अणुअंकाने क्रम लावला की सुटलेलं मूलद्रव्यही लगेच दिसतं.

संयुजा पानावर छापलेलीच नसते. ती गटावरून काढावी लागते. `D` मध्ये गट असेल तर:

```
=IF(D2<=2,D2,IF(D2<=14,D2-10,18-D2))
```

ऑक्सिजनचा गट १६, म्हणून संयुजा २. हे सूत्र गट ३ ते १२ ला मुळीच लावू नका. लोहाची २ आणि ३, तांब्याची १ आणि २ हातानेच भरा. फॉस्फरसला सूत्र ३ देतं, तिथे ५ सुद्धा लिहा.