ग्रॅच्युइटीचा ॲक्च्युरिअल गेन खरा आहे का, हे आधी तपासा: वर्षअखेरची तयारी

मार्च संपला की अकाउंट्समधून एचआरला एक मेल जातो, एचआर एक एक्सेल पाठवतं, ती तशीच ॲक्च्युअरीकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीची देणी मोजून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जाते, पंधरा दिवसांनी रिपोर्ट येतो आणि आपण त्यातले आकडे बघून एन्ट्री पास करतो. बहुतेक ठिकाणी एवढंच होतं. मी स्वतः पहिली काही वर्षं असंच केलंय, त्यामुळे यात नेमकं काय निसटतं ते सांगू शकतो. रिपोर्टमध्ये करंट सर्व्हिस कॉस्ट असते, म्हणजे या वर्षीच्या नोकरीमुळे वाढलेली देणी. इंटरेस्ट कॉस्ट असते, म्हणजे जुनी देणी एक वर्षाने जवळ आली म्हणून त्यांच्यावर चढलेलं व्याज. या दोन्हींमागे ठरलेलं गणित आहे. पण ॲक्च्युरिअल गेन किंवा लॉस हा शेवटी उरलेला फरक असतो. वर्षाच्या सुरुवातीची देणी घेतली, सर्व्हिस कॉस्ट आणि व्याज मिळवलं, दिलेली ग्रॅच्युइटी वजा केली की जो आकडा यायला हवा आणि ॲक्च्युअरीने नव्याने काढलेला जो आकडा येतो, त्यातली तफावत म्हणजे गेन किंवा लॉस. म्हणून आपल्या डेटातली प्रत्येक चूक गुपचूप याच ओळीत जाऊन बसते, आणि गेन दिसला की कुणी प्रश्नही विचारत नाही.

त्यामुळे तयारीतलं पहिलं काम म्हणजे माणसं मोजणं. गेल्या वर्षी ॲक्च्युअरीला जी यादी दिली होती नेमकी तीच फाईल काढा, नवीन काढलेला रिपोर्ट नको. त्यातली संख्या, अधिक वर्षभरात आलेले, वजा गेलेले, बरोबर यंदाची संख्या, हे जुळलंच पाहिजे. एका कंपनीचं उदाहरण देतो, काही वर्षांपूर्वीचं आहे, फंड वगैरे नव्हता, सगळी देणी कंपनीच्याच पुस्तकात. गेल्या वर्षी 212 जण, नवीन 31, गेलेले 38, म्हणजे 205 हवेत. एचआरच्या यादीत 204. एका माणसाचा फरक म्हणजे काय एवढं, असं वाटतं, पण याच एका माणसाने पुढे काय केलं ते बघा.

त्या वर्षी सुरुवातीची देणी, ज्याला आपण डीबीओ म्हणतो, 84,00,000 रुपये होती. सर्व्हिस कॉस्ट 11,50,000. वर्षभरात ग्रॅच्युइटी दिली 6,00,000. आता व्याज. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, व्याजाला वर्षाच्या सुरुवातीचा डिस्काउंट रेट लागतो, म्हणजे गेल्या वर्षीच्या रिपोर्टच्या शेवटी वापरलेला, यंदाच्या रिपोर्टमधला नवीन नाही. तो दर 7 टक्के होता. पैसे वर्षभर थोडे थोडे दिले म्हणून ॲक्च्युअरीने ते सरासरी वर्षाच्या मध्यावर दिले असं धरलं, म्हणजे 84 लाखातून 3 लाख वजा, 81 लाखावर 7 टक्के, 5,67,000. हे स्वतः तपासायला सोपं आहे. सगळे पैसे 1 एप्रिललाच दिले असते तर 78 लाखावर 5,46,000 आलं असतं, आणि सगळे 31 मार्चला दिले असते तर 84 लाखावर 5,88,000. रिपोर्टमधलं व्याज या दोन आकड्यांच्या बाहेर असेल तर फोन उचला, बहुतेक वेळा चुकीचा दर लागलेला असतो नाहीतर ओपनिंग आकडाच गेल्या वर्षीच्या क्लोजिंगशी जुळत नसतो.

तर 84,00,000 अधिक 11,50,000 अधिक 5,67,000 वजा 6,00,000, म्हणजे 95,17,000 यायला हवे होते. ॲक्च्युअरीने यादीवरून काढले 91,20,000. गेन 3,97,000. सगळे खूश.

इथे दुसरं काम, गेनचे तुकडे मागून घ्या. इंड एएस 19 या हिशेबाच्या मानकामध्ये आर्थिक गृहीतकं बदलल्यामुळे किती, लोकसंख्येशी निगडित गृहीतकं बदलल्यामुळे किती आणि उरलेला अनुभवातून किती, असं वेगळं दाखवावंच लागतं, पण इंड एएस लागू नसलेले, एएस 15 या मानकावरचे असाल तरी मागाच. या केसमध्ये सरकारी रोख्यांचे दर वाढल्यामुळे डिस्काउंट रेट 7 वरून 7.2 टक्के झाला होता आणि त्यातून 1,60,000 चा गेन होता. हा पटतो का? देण्यांचा सरासरी कालावधी रिपोर्टमध्ये साडेआठ वर्षांच्या आसपास होता, 0.2 गुणिले 8.5 म्हणजे 1.7 टक्के, 93 लाखाच्या आसपासच्या रकमेवर साधारण 1,58,000. पटला. बाकीच्या गृहीतकांत बदल नव्हता. मग उरले 2,37,000, हे अनुभवातून आलेले, म्हणजे प्रत्यक्षात घडलं ते अंदाजापेक्षा वेगळं घडलं म्हणून. आता हे कशामुळे घडलं ते सांगता आलं पाहिजे. पगारवाढ अंदाजापेक्षा कमी झाली का? नाही, जवळपास अंदाजाइतकीच. लोक पाच वर्षांच्या आत सोडून गेले का? हो, बरेच गेले, पण त्यांच्या नावावर जमा झालेली रक्कम छोटी होती, 2 लाखाच्या वर जाण्यासारखी नाही.

मग पुन्हा त्या 204 वर आलो. नावानिशी दोन्ही याद्या लावल्या तेव्हा कळलं, एक जण बिनपगारी रजेवर होता, मार्चच्या पगारात नाव नाही, आणि एचआरची यादी मार्चच्या पगारावरूनच निघाली होती. नोकरी 11 वर्षांची, बेसिक आणि डीए मिळून 30,000. कायद्याच्या 15/26 च्या हिशेबाने आजच निघाला तर 30,000 ला 15 ने गुणून 26 ने भागायचं आणि 11 ने गुणायचं, 1,90,385 रुपये. (त्या रजेची वर्षं मोजायची का हा वेगळा प्रश्न आहे, तो एचआरकडून लेखी घ्या, कायद्यात सलग सेवेची व्याख्या आहे.) नाव टाकून ॲक्च्युअरीने परत चालवलं तेव्हा क्लोजिंग 93,02,000 झालं, म्हणजे 1,82,000 ने वाढलं. गेन उरला 2,15,000, त्यात दराचा 1,63,000 आणि अनुभवाचा फक्त 52,000, आणि हा 52,000 सोडून गेलेल्या नव्या लोकांमुळे आलाय हे नीट सांगता येत होतं. निम्म्याच्या जवळपास गेन एका राहिलेल्या नावाचा होता. रिपोर्टमध्ये कुठेही चूक नव्हती, ॲक्च्युअरीने दिलेल्या यादीवर बरोबर काम केलं होतं.

तिसरं, गेलेल्या लोकांची यादी वेगळी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की पैसे दिले, देणं लागत नाही, की देणं आहे पण अजून दिलं नाही. हा तिसरा गट फार फसवतो. माणूस फेब्रुवारीत गेला, फुल अँड फायनल एप्रिलमध्ये झालं. चालू यादीत तो नाही म्हणून डीबीओत नाही, आणि 31 मार्चपर्यंत पैसे गेले नाहीत म्हणून दिलेल्या रकमेतही नाही. मग त्याची पूर्ण रक्कम गेन म्हणून दिसते, आणि खरं तर कंपनी ते पैसे उद्या देणार आहे. अशांची रक्कम देय म्हणून पुस्तकात वेगळी उभी करायची आणि ॲक्च्युअरीला सांगायचं की ती सेटल झाली असं धरा.

यादीत पाच वर्षं न झालेलेसुद्धा घ्यायचे हे परत परत सांगावं लागतं. एचआरला वाटतं पाच वर्षांशिवाय ग्रॅच्युइटी नाही तर नाव कशाला. पण तो पुढे पाच वर्षं पूर्ण करेल याची शक्यता धरून देणी आजपासूनच जमा होतात, आणि मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट लागतच नाही. बाकी रुजू तारीख, जन्मतारीख, दिवस-महिना उलटा झालाय का, 20 लाखाची मर्यादा कंपनी लावते की नाही, एवढं बघून घ्या, यात फार वेळ जात नाही. एक बेरीज मात्र नक्की करा, यादीतल्या पगाराची एकूण रक्कम मार्चच्या पगारपत्रकातल्या बेसिक आणि डीएशी जुळवा.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि वेतनाची नवीन व्याख्या आली, ज्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या 50 टक्क्यांच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. ज्यांचं बेसिक कमी आणि भत्ते जास्त आहेत तिथे ग्रॅच्युइटीचा पाया वाढतो, शिवाय मुदतीच्या करारावरच्या लोकांना एका वर्षानंतर हक्क मिळतो. या वाढीतला मागच्या सेवेचा भाग ॲक्च्युरिअल लॉसमध्ये ढकलू देऊ नका. फायदाच बदललाय, अंदाज नाही, म्हणून तो पास्ट सर्व्हिस कॉस्ट म्हणून वेगळा दाखवायला सांगा. डेटा पाठवतानाच जुन्या व्याख्येचा पगार आणि नव्या व्याख्येचा पगार असे दोन कॉलम द्या, नाहीतर ॲक्च्युअरीला फरक वेगळा काढताच येणार नाही.

एन्ट्रीच्या आधी लेजर बघा. आपल्या केसमध्ये सर्व्हिस कॉस्ट आणि व्याज मिळून 17,17,000 पी अँड एलला, आणि 2,15,000 चा गेन इंड एएस असेल तर ओसीआयमध्ये, म्हणजे पी अँड एलबाहेरच्या इतर सर्वसमावेशक उत्पन्नात, जो पुढे कधीच पी अँड एलला येत नाही. एएस 15 असेल तर गेनही पी अँड एललाच, म्हणजे निव्वळ खर्च 15,02,000. पण दिलेले 6,00,000 वर्षभर कुणीतरी ग्रॅच्युइटी खर्च या खात्याला टाकलेले असतात. ते तसेच ठेवून वर 17,17,000 टाकले की खर्च दोनदा लागतो. ते 6,00,000 आधी प्रोव्हिजनला डेबिट करून घ्या. मग प्रोव्हिजन 84,00,000, वजा 6,00,000, अधिक 17,17,000, वजा 2,15,000, बरोबर 93,02,000, रिपोर्टशी पैशापर्यंत जुळतं.

आणि जी यादी ॲक्च्युअरीला शेवटची गेली, तो बिनपगारी रजेवालासकट, ती फाईल तारीख टाकून लॉक करून ठेवा, सोबत 7.2 टक्के हा दर लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचं व्याज त्याच दराने तपासायचंय आणि माणसं त्याच यादीपासून मोजायचीत.