वासराच्या शिंगकळ्या जाळताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या संकरित कालवडीला मी विसाव्या दिवशी, शिंगं फुटू नयेत म्हणून मलम लावलं. आषाढ होता, बाहेर झड लागलेली. शेजारचे काका म्हणाले होते, "जाळतं कायले बाप्पा, मलम लाव न् मोकळा हो." मोकळा झालो नाही. गोठा गळत होता, पाण्याबरोबर मलम भुवईपर्यंत ओघळलं. त्यात वासरू गायीखाली सोडलेलं. त्यानं कासेला डोकं घासलं आणि दुसऱ्या दिवशी गायीच्या सडावर फोड. सहा महिन्यांनी कालवडीला एका बाजूला वेडंवाकडं, अर्धवट शिंग फुटलं ते वेगळंच.

चूक मलमाची नव्हती, वयाची होती. मलम म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा जहाल क्षार. तो जन्मानंतरच्या दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याच्या आत लावायचा असतो, कळी अगदी बारीक असतानाच. विसाव्या दिवशी कळी वाढलेली असते. वरवरची जळते, कडेच्या पेशी राहतात आणि त्यांतून असं खुरटं शिंग येतं.

मलमच वापरायचं असेल तर हातमोजे घाला. कळीभोवतीचे केस कापा, बाहेरून व्हॅसलिनचं जाड कडं करा आणि आत मलमाचा पातळ थर द्या. जास्त लावलं म्हणजे जास्त काम होतं असं नाही, जखम मात्र खोल जाते. पुढचा एक दिवस वासरू आईपासून आणि पावसापासून वेगळं ठेवा. दूध बाटलीनं किंवा भांड्यानं पाजा. डोळ्यात गेलंच तर साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवत राहा आणि डॉक्टरांना बोलवा. आपल्याकडे बहुतेक वासरं आईलाच पितात. त्यामुळे माझं मत तापल्या लोखंडानं डागण्याकडे झुकतं.

डागण्याचं वय दोन ते आठ आठवडे. बोटानं चाचपलं तर कळी कातडीबरोबर हलते. दोन महिन्यांनंतर ती कवटीला चिकटू लागते. मग ते डागणं राहत नाही, शिंग कापणं होतं.

दुसऱ्या कालवडीला ती महिन्याची असताना, हिवाळ्यात डागलं. माश्या कमी असतात, जखमेत किडे पडायची भीती कमी राहते. कापसाच्या काट्यावर वजन केलं, चाळीस किलो भरलं. डॉक्टरांनी आधी दुखणं कमी करणाऱ्या मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शन दिलं. किलोला अर्धा मिलिग्रॅम म्हणजे वीस मिलिग्रॅम, त्यांच्या बाटलीच्या ताकदीप्रमाणे चार मिलि. बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, म्हणून हा आकडा पाठ करून स्वतः टोचू नका.

मग भूल. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कळी यांच्या मधोमध हाडाची एक कड हाताला लागते. तिच्या खालून कळीकडे जाणारी नस असते. तिथं दोन टक्के लिग्नोकेन, दोन्ही बाजूंना चार-चार मिलि. इथं सगळे घाई करतात. सुई काढली की लगेच लोखंड टेकवतात आणि वासरू किंचाळलं की "भूल लागलीच नाही" म्हणतात. दहा मिनिटं थांबा. कळीभोवती सुईनं टोचून पाहा, वासरू दचकलं तर अजून थांबा. वरची पापणी थोडी उतरली तर भूल लागल्याची ती चांगली खूण.

डागणी लाल झालेली हवी. लाकडावर टेकवताच गोल काळा ठसा उठला पाहिजे. अर्धवट तापलेली डागणी जास्त वेळ धरावी लागते आणि घात तिथंच होतो, कारण वासराची कवटी पातळ असते, उष्णता आत पोचते. कळीवर टेकवून हलकी फिरवत दहा ते पंधरा सेकंद, बस्स. कळीभोवती तांब्याच्या रंगाचं अखंड कडं दिसलं की झालं. कडं एका जागी तुटलं असेल तर तेवढ्याच जागी पुन्हा टेकवा. डोक्यावर दोन पक्के ठसे दिसले म्हणजे काम नीट झालं.

लिग्नोकेनचा असर दीड-दोन तासांत ओसरतो. खरं दुखणं तेव्हा सुरू होतं. म्हणूनच मेलॉक्सिकॅम, त्याचा असर दिवसभर तरी राहतो. फक्त भूल देणारे वासरू उड्या मारत नाही म्हणून खूश होतात आणि संध्याकाळी ते डोकं झटकतं, कान हलवतं, दूध सोडतं, याकडे लक्षच जात नाही. मलमाला तर हे दुखणं तासन्‌तास चालतं, तिथंही मेलॉक्सिकॅम लागतंच.

गवळाऊ जातीचा गोऱ्हा बैल करायचा असेल तर मात्र त्याच्या कळ्यांना हात लावू नका. पोळ्याला रंगवायला शिंगं लागतात, हा घरचा सवाल झाला. पण वावरात कासरा शिंगांवर टाकायलाही तीच उपयोगी पडतात.

खपली महिना-दीड महिन्यात गळते. पू, वास किंवा अळ्या दिसल्या तर तेवढं थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि तिसऱ्या महिन्यात अंगठ्यानं कळीची जागा चाचपा. तिथं टणक गाठ लागली तर डॉक्टरांना तेव्हाच दाखवा.