टीव्हीवरील लॉगिन का अडकत होते: माझा अनुभव

पडद्यावरचा कोड मोबाइलवर अचूक भरून परवानगी दिली, तरी आमच्या टीव्ही अ‍ॅपमध्ये कधीकधी लॉगिन होत नसे. लॉग पाहिल्यावर उलगडले की टीव्ही दर 5 सेकंदांनी सर्व्हरकडे विचारणा करत असताना `authorization_pending`, म्हणजे परवानगी अजून बाकी आहे, हे अपेक्षितच उत्तर येई. मात्र नेटवर्क अडखळून दोन विनंत्या लागोपाठ पोहोचल्या की `slow_down`, म्हणजे विचारणा सावकाश करा, असे उत्तर येई आणि आमचा प्रोग्रॅम ती कायमची चूक समजून विचारणाच थांबवत असे. टीव्हीसारख्या उपकरणांवरील अशा लॉगिनचे मानक असलेल्या आरएफसी 8628 नुसार अशा वेळी थांबायचे नसते, तर विचारणांमधले अंतर 5 सेकंदांनी वाढवायचे असते, आणि तेही पुढच्या सर्व विनंत्यांसाठी. घाईत मी ते आधी एकाच विनंतीपुरते वाढवले होते, त्यामुळे `slow_down` पुन्हा आले. आता वाढलेले अंतर टिकते आणि परवानगीनंतरच्या विचारणेला लॉगिन पूर्ण करणारे टोकन मिळते.