इंग्रजी शब्दांची वर्गवारी : या चुका टाळा

इंग्रजी शब्दांची यादी देऊन ते नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण अशा चार रकान्यांत लिहायला सांगितले की बहुतेक जण शब्दाचा मराठी अर्थ आठवतात आणि त्या अर्थावरून रकाना ठरवतात. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. ‘अफ्रेड’ म्हणजे घाबरणे, म्हणून ते क्रियापदात जाते. पण ‘ही अफ्रेड्स’ असे कुणी म्हणत नाही. ‘ही इज अफ्रेड’ म्हणतात. म्हणजे ते विशेषण. मराठीत जिथे क्रियापद येते, तिथे इंग्रजीत ‘इज’ आणि विशेषण अशी जोडी असू शकते.

अर्थाऐवजी शब्द वाक्यात बसवून पाहा. ‘द’ लावून तो कर्ता झाला तर नाम, ‘दे कॅन’नंतर बसला तर क्रियापद, ‘इट सीम्स’नंतर बसला तर विशेषण आणि ‘शी डिड इट’नंतर बसून काम कसे झाले हे सांगत असेल तर क्रियाविशेषण. एका जागी बसला म्हणून थांबू नका, चारही जागा तपासा.

‘फास्ट’ घ्या. ‘द फास्ट एंडेड’ म्हणजे उपास संपला. इथे ते नाम आहे. ‘दे फास्टेड’मध्ये भूतकाळाचे ‘एड’ लागले, म्हणून क्रियापद. ‘अ फास्ट कार’मध्ये विशेषण आणि ‘शी रॅन फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. या शेवटच्या दोहोंत फसगत होते, कारण दोन्हींचे रूप ‘फास्टर’च होते. रूप पाहून निकाल लागत नाही; तो शब्द कशाबद्दल सांगतो ते पाहावे लागते. गाडीबद्दल सांगत असेल तर विशेषण, धावण्याबद्दल असेल तर क्रियाविशेषण.

शेवटी ‘ली’ दिसला की क्रियाविशेषण, हाही पक्का नियम नाही. ‘ली’ काढून काय उरते ते पाहा. ‘स्लोली’तून ‘स्लो’ हे विशेषण उरते, म्हणून ‘स्लोली’ क्रियाविशेषण. ‘फ्रेंडली’तून ‘फ्रेंड’, ‘कॉस्टली’तून ‘कॉस्ट’ ही नामे उरतात, म्हणून ते शब्द विशेषणे. ही खूण बहुतेक वेळा चालते, पण ‘डेली’ तिला पुरून उरतो : ‘अ डेली पेपर’मध्ये विशेषण, ‘ही कम्स डेली’मध्ये क्रियाविशेषण.

उलट चूक ‘स्टोन’बाबत होते. ‘अ स्टोन वॉल’ पाहून त्याला विशेषण म्हणतात. पण ‘व्हेरी स्टोन’ जमत नाही, ‘स्टोनर’ असे तुलनेचे रूपही होत नाही. ते नामच आहे, दुसऱ्या नामाच्या आधी उभे राहिलेले. ‘व्हेरी’ची कसोटी मात्र एकटी पुरत नाही, कारण तो शब्द ‘स्लोली’आधीही येतो, आणि ‘मेन’सारख्या काही विशेषणांना तो चालतच नाही.

यादीत नुसते शब्द असतील, वाक्ये नसतील, तर ‘फास्ट’ चारही रकान्यांत लिहा आणि प्रत्येकाशेजारी एक छोटे वाक्य द्या. वाक्य दिलेले असेल तर त्या वाक्यातले काम पाहून एकच रकाना निवडा.