बीपी आहे म्हणून चालणं बंद, पण कूलर मात्र एकट्याने उचलायचा? या चुका टाळा

नागपुरात मार्च संपत आला की घरोघरी कूलर काढायची गडबड सुरू होते, आणि नेमकं याच टायमाला बीपीवाले लोक उलटं वागून राहिलेले दिसतात. ऊन वाढलं, बीपी आहे, म्हणून सकाळचं फिरणं बंद आणि तेच काकाजी दातओठ खाऊन लोखंडी कूलर एकटेच गॅलरीत ढकलत असतात. जे बहुतेकांना चालतं त्याची भीती, आणि जे विचारून करायला पाहिजे ते बिनधास्त.

असं काहून म्हणतो ते बघा. चालताना, सायकल चालवताना पायाचे स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैल होतात, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, त्यामुळे वरचा आकडा हळूहळू चढतो, खालचा फारसा हलत नाही आणि नंतर काही तास बीपी उलट थोडं खालीच राहतं. जड वस्तू उचलताना मात्र आपण नकळत दम रोखतो, छाती-पोटात दाब वाढतो, आवळलेल्या स्नायूंत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि दोन्ही आकडे काही सेकंदात उडी मारतात. धडधाकट बॉडीबिल्डरचं वरचं प्रेशर खूप भारी वजन उचलताना ३०० च्या पलीकडे गेलेलं प्रयोगात मोजलं गेलंय. त्यांच्या नसा तरुण होत्या, आपल्या काकाजींच्या नाहीत.

आता आमच्या शेजारच्या काकाजींचंच घ्या, वय छप्पन, अम्लोडिपिनची गोळी चालू, घरच्या मशीनवर १५२/९४ आलं आणि घाबरून फुटाळा तलावावरचं फिरणं बंद केलं. पहिली चूक इथेच, मोजलं कसं? चहा पिऊन, जिना चढून आल्या आल्या. अर्धा तास आधी चहा-तंबाखू-व्यायाम नाही, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. तसं मोजूनही १५२/९४ आलंच तरी, बाकी त्रास नसेल तर साधं चालणं बंद करायचं कारण नाही, गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं एवढंच. साधारण हिशोब असा, की वरचा १८० च्या आत आणि खालचा १०० च्या आत असेल तर चालणं, सायकल, हलकं पोहणं बहुतेकांना चालतं. दोन्हींपैकी एक जरी त्याच्या वर गेला तर आधी डॉक्टर, आणि २०० किंवा ११० ला पोचला तर नवीन काहीच सुरू करायचं नाही.

चालायचं कसं, तर आधी दहा मिनिटं रमतगमत, मग वीसेक मिनिटं अशा स्पीडने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, आणि शेवटी परत हळू. लोक शेवटचा भाग खाऊन टाकतात, एकदम गाडीला टेकून उभे राहतात आणि चक्कर येते, कारण पायातलं रक्त पायातच राहतं, काही बीपीच्या गोळ्यांनी तर ते जास्तच होतं. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी असेल तर हातातल्या घड्याळाच्या पल्सवर जाऊ नका, ती गोळी पल्स फारशी वाढू देत नाही, बोलण्याचीच टेस्ट ठेवा.

कूलर? टाकी रिकामी करा, ताट्या लावलेले पत्रे काढून ठेवा, दुसऱ्याला हाताशी घ्या, आणि उचलताना तोंडाने श्वास सोडा. श्वास अडकत असेल तर वजन जास्त आहे, सोडून द्या बापा. पाणी भरायला भरलेली बादली नको, पाइप लावा. जिममध्येही हाच नियम, दहा-पंधरा वेळा सहज उचलता येईल तेवढंच वजन.

भारी वजन, जोरात धावणं, शीर्षासन, वेगाने कपालभाती किंवा श्वास रोखून कुंभक, आणि कित्येक वर्षांनी एकदम बॅडमिंटनच्या मॅचेस, हे सगळं आधी डॉक्टरांना विचारून. हार्ट अटॅक, लकवा, किडनीचा त्रास झालेला असेल, जिना चढताना छातीत दाटत असेल किंवा नुकतीच गोळी बदलली असेल तर तर विचाराच. व्यायाम करताना छातीत दुखलं, गरगरलं, खूप धाप लागली तर तिथंच थांबायचं, थोडं बसूनही बरं वाटलं नाही तर थेट हॉस्पिटल. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर बसून वाट पाहणं नाही, घरी आकडा कितीही येवो.

एप्रिल-मे मध्ये फिरणं सोडू नका, फक्त टाइम बदला, सहाच्या आत घराबाहेर पडा आणि ऊन चढायच्या आत परत. लघवी जास्त होणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं आणि डोस तोच ठेवायचा का, हे सीझन सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा, कारण घाम आणि ती गोळी मिळून बीपी वर नाही, खाली जातं, आणि उठून उभं राहताना अंधारी येते ती याचमुळे.